मशीनआधी मायक्रोमीटर

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत काम करणारा तरुण इंजिनिअर कधी ना कधी एक बातमी ओळखीपाळखीत कळवतो: ‘सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट पूर्ण झाला.’ खाली प्रमाणपत्राचा फोटो असतो. काय शिकलो, या ओळीत कंट्रोल चार्ट, रूट कॉज, डीमेक अशी नावं असतात. कामात उपयोग काय, तर ‘प्रक्रियेत सातत्याने सुधारणा करण्यासाठी’. सहकारी अभिनंदन करतात, साहेब अंगठा दाखवतात आणि घरी आई विचारते, कराट्याच्या क्लासला कधीपासून जायला लागलास?

आईचा प्रश्न तसा अगदी चुकीचा नाही. पट्ट्यांच्या रंगांची ही कल्पना कराटे-ज्युदोमधूनच उचललेली आहे. मोटोरोला या अमेरिकी कंपनीत बिल स्मिथ नावाच्या इंजिनिअरच्या पुढाकाराने 1986 च्या सुमारास सिक्स सिग्मा ही पद्धत उभी राहिली. 1995 नंतर जॅक वेल्श यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ती सक्तीने राबवली आणि मग जगभरच्या कारखान्यांत तिचं पेव फुटलं. ग्रीन बेल्ट म्हणजे आपलं रोजचं काम सांभाळून एखादा सुधारणा-प्रकल्प हाती घेऊ शकणारा माणूस. ब्लॅक बेल्टवाला बहुधा पूर्णवेळ हेच करतो.

महाराष्ट्रात ‘सिक्स सिग्मा’ म्हटलं की आधी डबेवाले आठवतात. ‘फोर्ब्ज’ने 1998 मध्ये त्यांच्यावर लेख छापला, डबा चुकण्याचं प्रमाण किती नगण्य आहे ते त्यात आलं आणि मग ‘डबेवाल्यांना फोर्ब्जने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं’ ही कथा भाषणांतून पसरली. लेख लिहिणाऱ्या पत्रकारानेच पुढे सांगितलं, की असं प्रमाणपत्र कुणी दिलेलं नव्हतं, इतकंच काय, तो शब्दही त्याने वापरलेला नव्हता. डबेवाल्यांचं काम त्यामुळे कमी प्रतीचं ठरत नाही. पण ही कथा ग्रीन बेल्टच्या वर्गांतही अजून सांगितली जाते, आणि ज्या अभ्यासक्रमाचा पहिला धडाच ‘आकडा आला कुठून ते विचारा’ असा आहे, तिथे ती सांगितली जावी याची गंमत वाटते.

हा पहिला धडा बातमीत सहसा येत नाही. डीमेकच्या पाच पायऱ्या म्हणजे प्रश्न ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा आणि सुधारलेलं टिकवा. नवशिक्याला तिसरी आणि चौथी पायरी आवडते, कारण हुशारी तिथे दिसते. खरी अडचण दुसऱ्या पायरीवर असते. मोजायचं ठीक, पण ज्याने मोजतो ते साधन आणि मोजणारा हात यांच्यावर विश्वास ठेवायचा का? त्याचं उत्तर काढण्याच्या पद्धतीला शॉपमध्ये ‘गेज आर अँड आर’ म्हणतात, आणि प्रमाणपत्र घेऊन आलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी वापरता येईल अशी ही गोष्ट आहे.

एक उदाहरण घेऊन पाहू. हा कुठला एक कारखाना नाही आणि आकडे हिशेबाला सोयीचे घेतले आहेत. सीएनसी लेथवर स्टीलची एक पिन तयार होते. व्यास 20 मिलिमीटर, आणि 0.02 मिलिमीटर वर किंवा खाली गेलेलं चालतं. शॉपच्या भाषेत वीस मायक्रॉन इकडे, वीस मायक्रॉन तिकडे, म्हणजे एकूण टॉलरन्स चाळीस मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. या पिनांचं रिजेक्शन वाढलंय. उत्पादन विभाग म्हणतो क्वालिटीवाले उगाच माल अडवतात. क्वालिटी म्हणते मशीन जुनं झालंय. सेटर म्हणतो इन्सर्ट हलक्या प्रतीचे आणलेत. प्रत्येकाच्या हातात आकडे आहेत आणि ते सगळे एकाच डिजिटल मायक्रोमीटरवरून घेतलेले आहेत.

नव्याने ग्रीन बेल्ट झालेली इंजिनिअर इथे मशीनकडे जात नाही. ती दहा पिना निवडते. एका ओळीने तयार झालेल्या दहा घेतल्या तर त्या सगळ्या जवळजवळ सारख्याच निघतील, म्हणून वेगवेगळ्या शिफ्टमधल्या, काही जाड बाजूच्या, काही बारीक बाजूच्या अशा घेते. प्रत्येकीवर क्रमांक टाकते, पण मोजणाऱ्याला दिसणार नाही असा. मग रोज मोजणारे तीन जण बोलावते. प्रत्येकाने दहाही पिना मोजायच्या, क्रम बदलून पुन्हा मोजायच्या आणि तिसऱ्यांदाही. एकूण नव्वद वाचनं होतात. वाचन लिहून घेणारा वेगळा माणूस असतो. मागच्या वेळी काय आलं होतं हे मोजणाऱ्याला आठवलं, तर त्याचा हात नकळत तिकडेच वळतो आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

या नव्वद आकड्यांतून दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या असतात. एकाच माणसाने तीच पिन तीनदा मोजली तर आकडा किती हलतो, ही पहिली. ही अस्थिरता मुख्यतः साधनाची. आणि तीच पिन तीन माणसांनी मोजली तर त्यांच्या सरासरीत किती फरक पडतो, ही दुसरी. हा फरक हातांचा. दोन्ही मिळून मोजमापाचा जो पसारा होतो, तो टॉलरन्सच्या किती टक्के आहे ते पाहायचं. वाहन उद्योगात सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेनुसार दहा टक्क्यांच्या आत असेल तर साधन चांगलं, दहा ते तीसच्या मध्ये असेल तर कामाचं महत्त्व आणि खर्च पाहून चालवून घ्यायचं, आणि तीसच्या वर असेल तर त्या साधनावरून निर्णय घ्यायचा नाही. आपल्या उदाहरणात उत्तर येतं चाळीस टक्के.

चाळीस टक्के म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते पाहिलं पाहिजे, नाहीतर हा आकडा फाइलमध्येच राहतो. एका पिनेचा खरा व्यास वरच्या मर्यादेच्या दोन मायक्रॉन आत आहे, म्हणजे ती चांगली आहे. हा मायक्रोमीटर आणि हे हात तिला चार वेळा मोजतील, तर साधारण एकदा ती मर्यादेबाहेर दिसेल आणि लाल बिनमध्ये जाईल. याच्या उलट, मर्यादेच्या दोन मायक्रॉन बाहेर असलेली खराब पिन चारातून एकदा चांगली ठरून ग्राहकाकडे जाईल. उत्पादनवाले आणि क्वालिटीवाले महिनाभर भांडत होते त्यातल्या बऱ्याच पिना दुसऱ्या वेळी मोजल्या असत्या, तर बाजू बदलून बसल्या असत्या. दोघेही खोटं बोलत नव्हते.

आता दोष शोधायचा. तीनपैकी एकाची सरासरी सतत कमी येते. त्याच्याजवळ उभं राहिलं की कारण दिसतं. मायक्रोमीटरच्या शेवटी एक छोटी फिरकी असते, तिला रॅचेट म्हणतात. ती फिरवली की ठरावीक दाबानंतर टकटक करत निसटते, त्यामुळे कुणीही मोजलं तरी पिनेवर सारखाच दाब येतो. हा गडी रॅचेटला हात लावत नाही, मधला जाड भागच धरून आवळतो. वर्षानुवर्षांची सवय आहे, वेगही जास्त मिळतो आणि ‘आपल्या हाताला अंदाज आहे’ हा अभिमानही त्यात आहे. दाब जास्त, म्हणून आकडा कमी.

दुसरी गोष्ट साधनाची वाटत होती, ती निघाली पिनेची. लेथवरची पिन अगदी परिपूर्ण गोल नसते, शिवाय एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित निमुळती असू शकते. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी मोजली तर वेगळा आकडा येणारच, आणि ते पाप मायक्रोमीटरच्या माथी बसतं. उपाय साधा आहे. पिन एका खाचेच्या ठोकळ्यावर ठेवायची आणि टोकापासून ठरलेल्या अंतरावरच मोजायची. सकाळी शून्य तपासायचं, दोन्ही चकत्या स्वच्छ कागद धरून पुसायच्या आणि रॅचेटचे तीन ठोके ऐकायचे. या चार बदलांनंतर अभ्यास पुन्हा केला तर आपल्या उदाहरणात चाळीसचे पंधरा टक्के होतात. यात नवं काही विकत आणलेलं नाही.

नव्याने शिकलेला इथे एका ठिकाणी हमखास फसतो. नव्वद वाचनं क्वालिटीच्या खोलीत, पंख्याखाली, थंड झालेल्या पिनांवर घेतली जातात. मशीनजवळ मात्र ऑपरेटर नुकताच उतरलेला, हाताला गरम लागणारा जॉब मोजतो. लांबीच्या मोजमापासाठी जगभर 20 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानलेलं आहे. स्टीलचा मीटरभर तुकडा एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतो. म्हणजे 20 मिलिमीटरची पिन पंधरा अंशांनी जास्त गरम असेल, तर साडेतीन मायक्रॉन जाड दिसते. ऑपरेटर ऑफसेट देऊन ती बारीक करतो, आणि थंड झाल्यावर ती तेवढीच कमी भरते. गेजचा अभ्यास याबद्दल एक अक्षर सांगत नाही, कारण अभ्यासातल्या पिना गार होत्या. ते कळायला दुपारच्या पाळीत मशीनशेजारी उभं राहावं लागतं. मायक्रोमीटरच्या कमानीवर प्लॅस्टिकची पट्टी का असते, तेही तिथेच समजतं. तळहाताची ऊब कमानीत उतरू नये म्हणून ती असते.

मोजमाप सावरलं की मग मशीन. इथे दुसरा धडा आहे आणि तो पहिल्यापेक्षा जास्त पचायला जड जातो, कारण तो मेहनती माणसाला दुखावतो.

सेटर अनुभवी आहे, जबाबदार आहे. तो प्रत्येक पिन मोजतो. चार मायक्रॉन जाड आली की ऑफसेटमध्ये चार मायक्रॉन कमी करतो. पुढची तीन मायक्रॉन बारीक आली की तीन वाढवतो. ‘मॅडम, मी मशीनवर लक्ष ठेवतो म्हणून एवढं तरी चाललंय,’ असं तो म्हणतो, आणि कुणालाही ते पटेल. पण हिशेब उलटा आहे. मशीन नीट बसवलेलं असलं तरी त्याच्यातून येणाऱ्या पिना थोड्याफार इकडेतिकडे होतातच. धातूचा कठीणपणा, कंपन, कूलंटची धार अशी पन्नास बारीक कारणं असतात. ती चार मायक्रॉनची वाढ बहुतेक वेळा अशीच योगायोगाने आलेली असते, पुढच्या पिनेला ती लागू नसते. सेटरने ती दुरुस्त केली की त्या योगायोगाचं ओझं उलट्या दिशेने पुढच्या पिनेवर जातं. तिचा स्वतःचा योगायोग वेगळा असतोच. दोन्ही मिळून पसारा वाढतो.

किती वाढतो, याला नेमकं उत्तर आहे. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग हे टेबलावर नरसाळं धरून दाखवत. खाली एक खूण केलेली असायची, नरसाळ्यातून गोटी सोडायची आणि ती खुणेपासून जितकी लांब थांबेल तितकं नरसाळं उलट दिशेला सरकवायचं. नरसाळं न हलवता गोट्या टाकल्या तर त्या खुणेभोवती लहान घोळक्यात पडतात. प्रत्येक वेळी ‘दुरुस्ती’ केली की घोळका फुगतो, पसारा सुमारे एक्केचाळीस टक्क्यांनी वाढतो.

एक्केचाळीस टक्के ऐकायला फार वाटत नाही, म्हणून तो पिनांवर लावून पाहू. आपल्या मशीनचा नैसर्गिक पसारा असा आहे असं धरू, की त्याला हात न लावता चालू दिलं तर दहा हजार पिनांत नऊच्या आसपास मर्यादेबाहेर जातील. सेटरने प्रत्येक पिनेमागे ऑफसेट हलवला, की त्याच दहा हजारांत एकशे ऐंशीच्या वर पिना बाद होतील. मोजमापातली चूक यात धरलेलीच नाही, ती धरली की आकडा आणखी वाढतो. नऊचे एकशे ऐंशी, आणि कारण निष्काळजीपणा नाही, अति काळजी! सेटरला हे सांगणं अवघड आहे. ‘तुमच्यामुळे रिजेक्शन होतंय’ असं वाक्य तोंडातून गेलं की प्रकल्प तिथेच बसला. शहाणी इंजिनिअर वाद घालत नाही. ती एक तास ऑफसेट न हलवता मशीन चालवायची विनंती करते आणि दोन तासांचे आलेख शेजारी शेजारी ठेवते.

मग ऑफसेटला हात कधीच लावायचा नाही का? लावायचाच असतो. इन्सर्टची धार झिजत जाते आणि बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. हा योगायोग नाही, ही दिशा आहे. योगायोग कुठला आणि दिशा कुठली, हे ओळखण्यासाठी वॉल्टर शुहार्ट यांनी 1924 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना कंट्रोल चार्टची कल्पना मांडली. महालनोबिसांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून हेच शुहार्ट स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात येऊन गेले, त्यामुळे ही विद्या आपल्याकडे सिक्स सिग्मा हे नाव जन्मण्याच्या कितीतरी आधी पोचलेली आहे.

मशीनशेजारच्या फळीवर तो चार्ट असा चालतो. दर तासाला सलग पाच पिना घ्यायच्या, गार होऊ द्यायच्या, मोजायच्या आणि पाचांच्या सरासरीचा ठिपका कागदावर मांडायचा. आपल्या मशीनसाठी मर्यादेच्या रेषा मध्यापासून आठ मायक्रॉनवर येतात. टॉलरन्सची वीस मायक्रॉनची रेषा या कागदावर काढायची नाही. पाचांच्या सरासरीची तुलना एका पिनेच्या मर्यादेशी करणं ही परीक्षेत पास झालेल्यांचीही आवडती चूक आहे. ठिपका आठच्या बाहेर गेला, किंवा लागोपाठ सात-आठ ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, की ऑफसेट द्यायचा. ठिपके आत आणि विखुरलेले असतील तर हात खिशात. तिसऱ्या पाळीतला माणूस हे पाळतो की नाही, ते चार्टवरून लगेच कळतं. ठिपके फारच सुरेख, मध्यरेषेला चिकटून आले, तर ते मोजलेले नसून खुर्चीत बसून मांडलेले असण्याची शक्यता जास्त.

एवढं काम झालं की मग बातमीतली ती ओळ लिहिण्यासारखी होते. ‘पिनांच्या मोजमापातली चूक टॉलरन्सच्या चाळीस टक्क्यांवरून पंधरावर आणली, दर पिनेमागे ऑफसेट देणं थांबवून चार्टवर आणलं, आता रिजेक्शन इतकं आहे,’ असं लिहिणाऱ्याला मुलाखतीत तीन प्रश्न विचारले तरी तो अडखळत नाही. हे महत्त्वाचं अशासाठी, की ग्रीन बेल्ट देणारी एकच अधिकृत संस्था जगात नाही. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी म्हणजे एएसक्यू परीक्षेआधी तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. काही संस्था फक्त परीक्षा घेतात, प्रकल्पाची अट नसते. काही ठिकाणी शनिवार-रविवारच्या वर्गानंतर प्रमाणपत्र हातात पडतं. कागदावरचा हिरवा पट्टा सगळीकडे सारखाच दिसतो, म्हणून अनुभवी मॅनेजर प्रमाणपत्राकडे पाहत नाही. तो विचारतो, गेज आर अँड आर कुठल्या साधनावर केलास, पिना कशा निवडल्यास, टक्के किती आले आणि जास्त आल्यावर काय केलंस. ज्याने केलंय तो रॅचेटबद्दल बोलायला लागतो. ज्याने केलेलं नाही तो ‘प्रमाणबद्ध दृष्टिकोन’ वगैरे बोलतो.

‘वर्षाला इतके लाख वाचवले’ हा बातमीतला आणखी एक लाडका आकडा. तो जपूनच वाचावा. बाद पिनांची किंमत मोजताना कच्चा माल, मशीनचा वेळ आणि ग्राहकाचा संभाव्य दंड हे सगळं एकत्र धरलं की रक्कम हवी तेवढी फुगते. अकाउंट्स विभागाने तपासून सही केलेली असेल तर गोष्ट वेगळी.

आणि ही पद्धत सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही. ज्या तपासणीत नमुनाच नष्ट होतो, उदाहरणार्थ वेल्डिंगचा जोड ओढून तोडून पाहणं, तिथे एकच तुकडा तीनदा मोजता येत नाही. तिथे एकाच बॅचचे जवळजवळ सारखे तुकडे घेऊन काम भागवावं लागतं, आणि त्या तुकड्यांमधला फरक मोजमापाच्या खात्यात जमा होतो. ‘पास’ किंवा ‘फेल’ एवढंच सांगणाऱ्या गो-नोगो गेजसाठीही हिशेब निराळा आहे.

पिनेच्या बाबतीतही काम एकदा करून संपत नाही. नवा माणूस मोजायला आला, मायक्रोमीटर पडला किंवा बदलला, की अभ्यास पुन्हा. कधी यातलं काहीच घडलेलं नसतं आणि ग्राहकाचं नवं ड्रॉइंग येतं, वीस मायक्रॉनच्या जागी दहा. तोच मायक्रोमीटर, तीच माणसं, तोच ठोकळा, मोजमापातली चूकही तेवढीच. पण टॉलरन्स अर्धा झाल्यामुळे कालचे पंधरा टक्के आज तीस होतात आणि साधन नापास होण्याच्या काठावर येतं. आता रॅचेट, खाच आणि पुसण्याचा कागद यांनी भागणार नाही. हवेच्या दाबावर चालणारा एअर गेज लागेल, तो त्या एकाच मापासाठी बनवून घ्यावा लागतो, सोबत प्रमाणित मास्टर लागतात. इंजिनिअर नव्वद वाचनांचा तक्ता जोडून परचेसकडे मागणी पाठवते, आणि परचेसवाले पहिला प्रश्न विचारतात: मायक्रोमीटर तर चालू आहे ना?